सायपॉक सहा महिने वापरून: जिनिंगच्या बिलाची हद्द कुठं आखायची?

सायपॉक तक्त्याचे पुरवठादार, इनपुट, प्रक्रिया, आउटपुट, ग्राहक हे पाच रकाने माहीत आहेत असं धरतो. यवतमाळकडच्या एका जिनिंगवर रुईगाठींच्या विक्रीबिलासाठी हा तक्ता पूर्ण हंगाम चालवला. खर्च एक मोठा कागद आणि दोन तास, म्हणून तक्रारीला जागाच नाही.

तक्रार होती, "बिलं उशिरा निघतात." रकाने डावीकडून भरायला घेतले की पुरवठादारांची यादी संपतच नाही. मधल्या रकान्यापासून भरा: भराईचा आदेश आला, गाठवार वजनयादी झाली, भाव सौद्याशी ताडला, बिल आणि ई-वे बिल काढलं, कागद ड्रायव्हरच्या हाती दिले. इतकंच. सातच्या वर पायऱ्या गेल्या, तर बारीक तपशील घुसलाय असं समजा.

खरी किंमत शेवटच्या पायरीची. आधी ती 'पैसे जमा झाले' अशी लिहिली होती. मग दलालाची उधारी, गिरणीतली गुणवत्ता तपासणी, ओलाव्याची कपात, क्रेडिट नोट, सगळंच हद्दीत आलं. यातलं निम्मं काम गिरणीच्या हातात, ते जिनिंगवाला कसं सुधारणार? शेवट ड्रायव्हरपाशी आणला आणि काम आवाक्यात आलं. कपातीचे वाद 'हद्दीबाहेर' म्हणून त्याच कागदावर लिहा, नाहीतर दर बैठकीत ते परत येतात.

इनपुटचा रकाना सुरुवातीला निव्वळ औपचारिक वाटला होता. हे मत साफ बदललं. तिथं नुसतं 'भाव' लिहून भागत नाही. तो कोण देतो, कोणत्या रूपात आणि कधी, हेही लिहावं लागतं. दलाल भाव फोनवर सांगायचा, खंडीमागे. पण खंडी 355.62 किलोची की सरळ 356 ची? 170 किलोच्या 100 गाठी म्हणजे 17,000 किलो. 355.62 ने भागलं तर 47.80 खंडी, 356 ने 47.75. भाव 55,000 धरला तर एका गाडीत सुमारे 2,800 रुपयांचा फरक! मुनीम फोन लावून विचारत बसायचा आणि भरलेली गाडी काट्याशेजारी उभी. बिल माल निघण्याआधी किंवा निघतानाच व्हायला हवं, त्यामुळे गाडी आधी सोडताही येत नाही. आता त्या ओळीत लिहिलंय: 'लेखी सौदाचिठ्ठी, भाव आणि खंडीचे किलो, भराईच्या आदल्या संध्याकाळपर्यंत; पुरवठादार: दलाल.'

ग्राहकांतही गिरणी एकटी नाही. ड्रायव्हरला गाडी नंबर बरोबर असलेलं ई-वे बिल लागतं. आपल्याच लेखापालाला महिन्याची बिलं पुढच्या महिन्याच्या 11 तारखेच्या जीएसटीआर-1 साठी लागतात. तो तक्त्यात नव्हता, म्हणून त्याची प्रत कोणी देत नव्हतं.

उणीव एकच, पण मोठी: गाडी कोणत्या पायरीवर किती वेळ अडते, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी पाचही पायऱ्यांची वेळ आठवडाभर वहीत वेगळी टिपावी लागली.