दिवसाच्या फोटोवर निऑनचा उजेड: वरून रंगाचा थर, की फोटोचीच रंगीत प्रत?

भर दिवसा काढलेल्या पोर्ट्रेटला सायबरपंक रूप द्यायचं तर दोन रस्ते आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे: फोटो अंधारा करायचा, वर नवा लेयर घ्यायचा, त्याचा मोड 'कलर' ठेवायचा आणि एका गालावर गुलाबी, दुसऱ्यावर निळा ब्रश फिरवायचा. दुसऱ्यात रंग चेहऱ्यावर लावायचाच नाही. फोटोचीच एक प्रत रंगीत दिव्याखाली काढल्यासारखी तयार करायची आणि ती जिथे उजेड पडायला हवा तिथेच दिसू द्यायची. फोटोशॉपमध्ये दोन्ही होतं, ब्राउझरमधल्या फोटोपीतही होतं. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हा प्रश्न इथे नाही, पद्धत कोणती धरावी हा आहे.

पहिल्या पद्धतीचं पारडं काही हलकं नाही. झटपट होते, फाइल छोटी राहते, आणि कपडे, भिंत, पाठीमागची दुकानं यांवर ती झकास चालते. नुसती पार्श्वभूमी रंगवायची असेल तर मी आजही तीच वापरतो. अडचण येते ती कातडीवर, आणि त्यातही निळ्या बाजूला.

उदाहरणासाठी माझ्या भाचीचा फोटो घेतो. रामकुंडाजवळच्या पायऱ्या, पावसाळी ढगाळ दुपार, पांढरा कुर्ता, ओला काळा दगड. ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा, नाकाखाली किंवा डोळ्यांखाली ठळक सावली नाही. या कामाला असाच फोटो लागतो. कडक उन्हातली नाकाची सावली एकदा गालावर पडली की ती सूर्याची दिशा सांगत राहते, आणि तुमचा निऑन दिवा दुसरीकडूनच आलेला पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

तिच्या गालाचा रंग मोजला तर साधारण लाल 190, हिरवा 140, निळा 110 असा येतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या वर्णाचं गणित असंच असतं, लाल भरपूर आणि निळा सगळ्यात कमी. यावर कलर मोडमध्ये #2A5CFF हा गडद निऑन निळा पूर्ण ताकदीने लावला की गाल जवळपास 118, 150, 255 होतो, म्हणजे चक्क आकाशी. कलर मोड रंग बदलतो पण उजळपणा मुळातला तसाच ठेवतो, आणि तो उजळपणा दुपारचा असतो. मग माणूस साहजिकच ओपॅसिटी निम्मी करतो. तेव्हा निळा आणि तपकिरी एकमेकांना मारतात आणि उरतं 154, 145, 182 असं काहीतरी. म्हणजे राख फासल्यासारखा जांभळट करडा. खालचा फोटो आधी अंधारा केला असेल तर हीच राख गडद होते, जात मात्र नाही. भाचीने पडद्याकडे बघून म्हटलं, "मामा, ही बाजू तापातून उठल्यासारखी दिसतेय." माझा निर्णय तिथेच झाला. बाकीच्या कुरबुरी मी चालवून घेतल्या असत्या, पण आजारी गाल चालवून घेता येत नाही. ओपॅसिटी वर नेली तर गाल कार्टूनसारखा होतो, खाली आणली तर राखेसारखा, आणि या दोन्हींच्या मध्ये ठीक दिसेल अशी जागा मला तरी सापडली नाही. गोऱ्या कातडीवर हा दोष कदाचित कमी जाणवत असेल.

खऱ्या दिव्याखाली काय होतं? कातडी लाल उजेड भरपूर परतवते, निळा बराचसा गिळते. त्यामुळे निळ्या निऑनसमोर उभ्या माणसाचा गाल काळोखा दिसतो, आणि त्याचाच पांढरा सदरा मात्र निळाभोर चमकतो. शेजारच्या गुलाबी दिव्याखाली तोच गाल उजळ आणि नितळ दिसतो, कारण लाल उजेडात डाग आणि पुटकुळ्या फिक्या पडतात. निळ्यात त्याच ठळक होतात. गुलाबी बाजू उजळ-नितळ आणि निळी बाजू काळोखी-खरखरीत असा फरक चेहऱ्यावर दिसला की डोळ्याला ते खरं वाटतं. कलर मोड दोन्ही गाल सारखेच उजळ ठेवतो आणि नेमका हाच फरक पुसून टाकतो.

दुसरी पद्धत हा फरक आपोआप आणते. सगळ्यात आधी रात्र करायची. मूळ फोटोवर कर्व्हज लेयर घ्यायचा आणि रेषेचं वरचं उजवं टोक सरळ खाली 60 च्या आसपास आणायचं. रेषा सरळच राहू द्यायची, एस-आकाराचा बाक नको. असं केल्याने फोटो साधारण साडेचार स्टॉप अंधारा होतो, म्हणजे खरोखर दिवा मंद केल्यासारखा. मग मूळ फोटोची एक प्रत सगळ्यात वर आणायची, तिच्यावर #FF2E9A या गुलाबीचा सॉलिड कलर लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवायचा, दोघांचा ग्रुप करायचा आणि ग्रुपचा मोड स्क्रीन करायचा. ग्रुपला काळा मास्क लावला की सगळा उजेड जातो. आता मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो 10 टक्क्यांच्या आत ठेवून, दिवा ज्या बाजूला आहे तिथला गाल, कपाळाची कड आणि खांदा हळूहळू उजळवायचा. निळ्या दिव्यासाठी असाच दुसरा ग्रुप.

त्याच गालाचे आकडे आता पाहा. गुलाबी बाजू येते 201, 55, 85 च्या आसपास आणि निळी 70, 77, 125. निळी बाजू खरोखर काळोखी झाली, राख कुठे नाही. कुर्त्याची निळी बाजू मात्र झगझगीत निघते, आणि तीही वेगळी रंगवावी लागत नाही. पुढे कधी गुलाबीऐवजी नारिंगी हवा वाटला तर कलर लेयरवर दोनदा टिचकी मारली की झालं, मास्क तसाच राहतो.

रात्र करताना हात आखडला तर मात्र ही पद्धतही दगा देते. टोक 60 ऐवजी 115 वर ठेवलं की खालच्या दुपारचा तपकिरी रंग निळ्यात मिसळतो, गाल 107, 101, 138 होतो आणि राख परत येते. निळी बाजू करडी दिसू लागली की रंगाशी खेळत बसू नका, खालचा कर्व्ह आणखी उतरवा. रंगाच्या बाबतीतही एक पथ्य आहे. निऑन म्हणून #FF00FF सारखा टोकाचा रंग घेतला तर हिरवी वाहिनी शून्य होते, आणि कातडीचा बराचसा पोत तिच्यातच असतो. मग गाल प्लास्टिकचा होतो. वर दिलेल्या गुलाबीत हिरवा 46 आहे तो त्यासाठीच. खात्री करायची तर चॅनेल्सच्या खिडकीत हिरवी वाहिनी एकटी उघडून बघा. गुलाबी बाजूला तिच्यात नुसता काळा डाग दिसला तर पोत गेला समजा.

चेहऱ्याच्या मधोमध, नाकाच्या दांड्यापासून ओठांपर्यंत, एक पट्टा मी कोणत्याच दिव्याला देत नाही. तिथे फक्त रात्रीच्या कर्व्हजचा मास्क थोडा पुसतो, म्हणजे मूळ कातडीचा रंग मंदसा जाणवतो. कातडीचा खरा रंग काय हे पाहणाऱ्याला त्या पट्ट्यातून कळतं, आणि मग दोन्ही बाजूंचे रंग दिव्याचे आहेत हे तो मान्य करतो. चेहरा गुलाबी-निळ्यात पूर्ण वाटून टाकला तर रंगपंचमीचा फोटो वाटतो.

कडेचा उजेड, म्हणजे रिम लाइट, हे प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे पहिल्या पद्धतीशी थोडी सोयरीक करावी लागते. मागून तिरका येणारा उजेड कातडीत फारसा शिरतच नाही, वरच्या वर चकाकून डोळ्यात येतो. त्यामुळे त्यावर कातडीच्या रंगाची छाप जवळजवळ नसते. म्हणून इथे प्रत नको. स्क्रीन मोडमधल्या साध्या लेयरवर दिव्याच्या रंगानेच, व्यक्तीच्या सिलेक्शनच्या आत राहून रंगवायचं. बाहेरची कड धारदार, आतली विरत जाणारी, आणि सगळ्यात तेजस्वी जागी जवळजवळ पांढरी. इनर शॅडो वापरून सगळीकडे सारख्या जाडीची कड काढण्याचा मोह होतो, पण त्याने माणूस स्टिकरसारखा कापून चिकटवलेला दिसतो. खरी कड गालफडावर रुंद होते, जबड्याकडे दोऱ्याएवढी उरते, कानामागे तुटते आणि हनुवटीखाली नसतेच. सुटे केस मात्र एकेक करून पेटतात, ते बारीक ब्रशने काढावे लागतात आणि वेळ खातात. ओल्या दगडालाही हाच नियम, तोही दिव्याचाच रंग परत फेकतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मी असे दोन-चार फटकारे दिले आणि भाची त्या जागेत उभी आहे असं वाटू लागलं.

दुसऱ्या पद्धतीची खरी खोट मोबाइलच्या जेपेगमध्ये दिसते. निळ्या वाहिनीत आधीच कणकण असतात, त्यात दाबलेल्या फाइलमध्ये रंगाचे चौकोनी ठोकळे. निळ्या दिव्याची प्रत हे सगळं उघडं करते. त्या प्रतीवरच थोडं नॉइज रिडक्शन दिलं तर निभावतं, पण शक्य असेल तर फोटो रॉमध्ये काढलेला बरा आणि काम 16 बिटमध्ये करावं, नाहीतर अंधाऱ्या पार्श्वभूमीत पट्टे पडतात. फाइल फुगते हेही खरं. जुन्या लॅपटॉपवर तीन ग्रुप झाले की ब्रश मागे पडायला लागतो.

तेव्हा माणूस फ्रेममध्ये लहान असेल, पोस्टर लांबून बघायचं असेल किंवा संध्याकाळपर्यंत द्यायचं असेल, तर कलर मोडने काम भागवायला हरकत नाही. निळ्याऐवजी जांभळा किंवा नारिंगी घ्या, राख कमी दिसेल. पण चेहरा मोठा असेल आणि निळा हवाच असेल, तर माझं मत प्रतीच्या बाजूने पडतं. कोणतीही पद्धत घेतलीत तरी शेवटी डोळे दोनशे टक्क्यांवर मोठे करून बघा. बुबुळात दुपारच्या ढगांचा पांढरा ठिपका अजून तसाच असेल. तो मंद करून त्याच्या एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला निळा बारीक ठिपका द्या. डोळ्याचा पांढरा भाग आणि दातही दिव्याच्या रंगात यायला हवेत.