मंगळाचं अंतर: ॲपमधला आकडा की पुठ्ठ्यावरची दोन वर्तुळं?

प्रदर्शनासाठी किंवा गच्चीवर जमलेल्या मंडळींना ‘मंगळावर जायला किती दिवस लागतात’ हे समजावून सांगायचं असेल तर साधारण दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ॲप उघडायचं, आजचं अंतर घ्यायचं, वेगाने भागायचं, झालं. दुसरा म्हणजे पुठ्ठ्यावर सूर्याभोवती दोन वर्तुळं काढून टाचण्या सरकवत बसायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिला चुकीचाच आहे असं नाही म्हणणार, पण त्याने माझी एकदा चांगलीच फजिती केली, ती आधी सांगतो.

२०२५ च्या जानेवारीत मंगळ जवळ होता, १२ जानेवारीला सुमारे ९.६ कोटी किमी. भाचीच्या शाळेत विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं, तर मी उत्साहात तेव्हाच चार्ट करून दिला. ९.६ कोटी भागिले ताशी ४० हजार किमी, म्हणजे २४०० तास, म्हणजे बरोब्बर १०० दिवस. किती छान उत्तर ना, इतकं छान की मलाही शंका आली नाही! २८ फेब्रुवारीला परीक्षक बाईंनी स्वतःच्या मोबाईलवर बघितलं तर अंतर साडेबारा कोटींच्या पुढे गेलेलं. त्याच भागाकाराने १३० दिवसांच्या वर. वर भाची मला विचारते, "मामा, म्हणजे जानेवारीत निघालेलं यान अजून वाटेत असेल तर त्याचे दिवस वाढले का?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ॲपच्या पद्धतीपासून तोडलं ते याच प्रश्नाने. आकडा बदलतो याचा त्रास नाही, तो बदलणारच. त्रास हा की तो आकडा अशा रस्त्याचा आहे ज्यावरून कुणी जातच नाही. त्यात पुन्हा ते ४० हजार म्हणजे पृथ्वीच्या पकडीतून सुटायला लागणारा वेग, आणि पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ताशी लाखभर किमीने पळतेय, तो वेग यानाला निघतानाच मिळालेला असतो, तो भागाकारात कुठेच नाही.

नासाच्या पर्सिव्हरन्स यानाचंच बघा. ३० जुलै २०२० ला निघालं तेव्हा मंगळ दहा कोटी किमीच्या थोडा आत होता. १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं तेव्हा पृथ्वीपासून मंगळ वीस कोटींच्या पुढे गेलेला. आणि यानाने मधल्या २०३ दिवसांत कापलं सुमारे ४७ कोटी. तीन आकडे, तिन्ही खरे, मग ‘मंगळाचं अंतर’ कुठलं? त्यातही गंमत अशी की मंगळ सगळ्यात जवळ आला ६ ऑक्टोबरला, ६.२ कोटींवर, आणि तेव्हा यानाने निम्मी वाटसुद्धा कापली नव्हती. म्हणजे ‘जवळ असेल तेव्हा सोडतात’ हेही तसं खोटंच.

आता पुठ्ठा. थोडा पसारा होतो, आधीच सांगतो. मधे सूर्याची टाचणी, १० सेंमी त्रिज्येचं पृथ्वीचं वर्तुळ, १५.२ सेंमीचं मंगळाचं. पृथ्वी रोज जवळपास एक अंश सरकते, मंगळ जेमतेम अर्धा. कमी इंधनात जायचं तर यान निघताना पृथ्वीच्या कक्षेला चिकटून निघतं, लंबवर्तुळावरून सूर्याला अर्धी फेरी घालतं आणि पलीकडच्या बाजूला मंगळाच्या कक्षेला टेकतं. ते लंबवर्तुळ काढायला दुसरी टाचणी सूर्यापासून ५.२ सेंमीवर, पोचायच्या दिशेला टोचा आणि दोन्हीभोवती ३०.४ सेंमीचा दोऱ्याचा फास घालून पेन्सिल फिरवा. माझी पहिल्यांदा टाचणी उलट्या बाजूला गेली होती, तसं झालं की निघायच्या जागी पेन्सिल पृथ्वीच्या वर्तुळाला टेकतच नाही, लगेच कळतं.

या अर्ध्या फेरीला २५९ दिवस लागतात, आणि हे दिवस आज मंगळ कुठे आहे यावर अवलंबून नाहीत! मंगळाच्या जागेवर काय अवलंबून आहे, तर तुम्ही पोचाल तेव्हा तो तिथे असेल का. २५९ दिवसांत मंगळ सरकतो १३६ अंश, यान फिरतं १८०, म्हणून निघताना मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा. आता मुद्दाम सूर्य, पृथ्वी आणि मंगळ याच क्रमाने एका रेषेत असताना, म्हणजे प्रतियुतीच्या दिवशी यान सोडून बघा. यान पलीकडे पोचतं आणि मंगळाची टाचणी ४४ अंश मागेच, पुठ्ठ्यावर जवळपास १२ सेंमी, खऱ्या आकाशात सतरा-अठरा कोटी किमी. भाचीने हे स्वतः सरकवून बघितलं आणि म्हणाली, "अरे, इथे तर कुणीच नाहीये." मला चार्टपेक्षा हे वाक्य जास्त आवडलं.

पुठ्ठ्याची कमजोरीही आहे, नाही असं नाही. मंगळाची कक्षा गोल नाही, सूर्यापासून तो २०.७ ते २४.९ कोटी किमी असा आतबाहेर होतो, म्हणून तर एखाद्या प्रतियुतीला तो साडेपाच कोटींवर येतो आणि एखाद्या वेळी दहा कोटींवरच थांबतो. शिवाय कक्षा जराशी कललेली आहे, त्यामुळे बरोब्बर अर्धी फेरी उलट महाग पडते, मिशनवाले थोडी कमी किंवा थोडी जास्त फेरी निवडतात. ग्रहांच्या जागांवरून मी अंदाजे काढलं तर पर्सिव्हरन्सने १४५ अंशांच्या आसपास फेरी घातली आणि निघताना मंगळ २६ अंश पुढे होता. आपलं मंगळयान १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वी सोडून २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, जवळपास ३०० दिवस, अर्ध्या फेरीपेक्षा बरीच जास्त, आणि त्याच्या वेळी मंगळ ७० अंश पुढे होता. एक ४४ च्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दिवसही २५९ च्या दोन बाजूंना. हे पुठ्ठ्यावर दाखवता येतं, भागाकारात २०३ आणि ३०० या फरकाला जागाच नाही.

ॲपवर अन्याय नको म्हणून सांगतो, एका कामाला तोच आकडा बरोबर आहे, सिग्नलला. प्रकाशाला सरळ रेषेतच यायचंय आणि इतक्या वेळात ग्रह फारसे हलत नाहीत. पर्सिव्हरन्स उतरलं तेव्हा बातमी यायला ११ मिनिटं २२ सेकंद लागली, ती त्या वीस कोटींतूनच येतात. आणि दुर्बिणीतून मंगळ मोठा दिसेल का लहान, त्यालाही ॲपच बघायचं. तुमचा विषय फक्त तेवढाच असेल तर टाचण्या-दोरा कशाला, माझं काही म्हणणं नाही. पण प्रश्नात ‘किती दिवस’ आलं की मी तरी पुठ्ठाच काढतो.

यंदा करणार असाल तर पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. पुठ्ठ्याच्या हिशोबाने ४४ अंशांची वेळ त्याच्या तीनेक महिने आधी, म्हणजे २०२६ च्या नोव्हेंबरच्या मध्यावर येते. पृथ्वीची टाचणी तिथे टोचून सुरुवात करा, आणि दोरा न ताणणारा घ्या, लोकरीचा घेतलात तर लंबवर्तुळाचा बटाटा होतो.