परदेशस्थ देणेकऱ्यास वसुलीची नोटीस: मराठी नोटिशीचे भाषांतर की स्वतंत्र इंग्रजी मसुदा?

मराठीतून दिलेली वसुलीची नोटीस परदेशात राहणाऱ्या, मराठी न वाचणाऱ्या देणेकऱ्याला समजावी यासाठी दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिला मार्ग म्हणजे मूळ नोटिशीचे शब्दशः भाषांतर करून, भाषांतरकाराच्या स्वाक्षरीच्या दाखल्यासह ते मूळ प्रतीला जोडणे. दुसरा म्हणजे वकिलाने इंग्रजीतच स्वतंत्र नोटीस तयार करून तिलाच मूळ मानणे. या दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावा हे इंग्रजीच्या सफाईवर ठरत नाही. मराठी नोटीस आधीच रवाना झाली आहे की नाही आणि पुढे न्यायालयात कोणता कागद दाखवायचा आहे, यावर ते ठरते.

उदाहरण म्हणून नेहमीच्या साच्यातले एक वाक्य घेऊ: ‘सदर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांचे आत आमचे अशिलांची येणे रक्कम रु. 12,50,000/- द.सा.द.शे. 18 दराने व्याजासह अदा करावी, अन्यथा योग्य ती कायदेशीर कारवाई करण्यात येईल व त्याचे खर्चाची व परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपणावर राहील, याची कृपया नोंद घ्यावी.’ हे वाक्य इथल्या व्यापाऱ्याला पूर्ण कळते, कारण ‘योग्य ती कारवाई’ म्हणजे दावा हे त्याला ठाऊक असते. लंडनमधल्या देणेकऱ्यापुढे हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत गेले, तर नोटीस नेमकी कधी मिळाली असे धरायचे, व्याज कोणत्या तारखेपासून लागते आणि कारवाई कोणत्या देशात होणार, हे तिन्ही प्रश्न त्याच्यासाठी उघडेच राहतात. शेवटच्या ‘कृपया’मुळे तर सगळ्या मजकुराला विनंतीचा सूर येतो.

शब्दशः भाषांतराचे मोठे बळ असे की मूळ कागद आणि इंग्रजी प्रत यांत तफावत राहत नाही आणि त्यामुळे उलटतपासणीत बोट ठेवायला जागा मिळत नाही. त्याची मर्यादाही इथेच आहे. मूळ नोटिशीत व्याजाची सुरुवातीची तारीख नसेल, तर भाषांतरकाराला ती घालता येत नाही. मूळ मोघम असेल, तर भाषांतरही मोघमच राहिले पाहिजे. चांगल्या हेतूने वाक्य ‘सुधारणारा’ भाषांतरकार अशिलाला अडचणीत आणतो, कारण मग एकाच नोटिशीचे दोन अर्थ होतात. त्याने करायला हवे ते एवढेच: महिना अक्षरी लिहावा, कारण 05/06/2025 ही तारीख ब्रिटनमध्ये 5 जून आणि अमेरिकेत 6 मे अशी वाचली जाते; आणि लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेला आकडा अक्षरीही द्यावा. रुपयांचे पौंड किंवा डॉलर करू नयेत. करार रुपयांचा असेल तर मागणीही रुपयांचीच राहते.

स्वतंत्र इंग्रजी मसुद्यात ही बंधने नसतात. तिथे मुदत दिवसांत न मोजता ‘30 सप्टेंबर 2025, भारतीय वेळेनुसार सायंकाळी 5 वाजेपर्यंत’ अशी देता येते. व्याजही उलगडून मांडता येते. वरच्याच रकमेवर 18 टक्के सरळ व्याजाने वर्षाचे 2,25,000 रुपये, म्हणजे दिवसाला 616 रुपये 44 पैसे होतात. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2025 हे दोन्ही दिवस धरून 183 दिवसांचे व्याज 1,12,808 रुपये 22 पैसे, आणि त्या दिवशी भरायची एकूण रक्कम 13,62,808 रुपये 22 पैसे. हा आकडा आणि त्यानंतरचा रोजचा वाढता आकडा समोर असला की देणेकऱ्याला हिशेबाबाबत अनभिज्ञता दाखवणे कठीण जाते.

मात्र इंग्रजी मसुद्याचे स्वतःचे धोके आहेत. आपल्याकडच्या नोटिशीत ‘अशिलाच्या इतर हक्कांस बाधा न येता’ या अर्थाने ‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द सहज येतात, कधी कधी मथळ्यातही. इंग्लंडच्या कायदेशीर व्यवहारात मात्र हे शब्द मथळ्यात आले की पत्र तडजोडीच्या बोलणीचे, म्हणजे सहसा न्यायालयासमोर न ठेवण्याचे, असे समजले जाते. पुरावा म्हणूनच पाठवलेल्या नोटिशीवर तो शिक्का नको. हक्क राखून ठेवल्याचे वाक्य शेवटी, पूर्ण शब्दांत लिहावे.

परिणामांचा परिच्छेद हा दोन्ही मार्गांमधला खरा फरक आहे. इंग्रजी मसुद्यात वकील सांगू शकतो की लेखी करारावरील येणे असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली भारतात समरी सूट, म्हणजे संक्षिप्त प्रक्रियेने चालणारा दावा, दाखल होईल, खर्च व व्याज मागितले जाईल आणि हुकूमनामा झाल्यास त्याच्या अंमलबजावणीसाठी तिकडच्या न्यायालयात जाता येईल. हे शेवटचे कलम देश पाहूनच लिहावे. ब्रिटन, सिंगापूर आणि 2020 पासून संयुक्त अरब अमिराती यांच्याशी भारताची परस्पर मान्यतेची व्यवस्था आहे. अमेरिकेशी ती नाही आणि तिथे वेगळा दावा लावावा लागतो. पासपोर्ट जप्त होईल, विमानतळावर अटक होईल असल्या धमक्या निव्वळ दिवाणी येण्यासाठी लिहू नयेत. देणेकऱ्याचा तिकडचा वकील त्या एका वाक्यावरून सगळी नोटीस पोकळ ठरवतो.

न वटलेला धनादेश असेल तर पारडे स्पष्टपणे इंग्रजी मसुद्याकडे झुकते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 138 खाली धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यापासून 15 दिवस देणेकऱ्याला असतात आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. आधी मराठी लिहून मग भाषांतर करण्यात त्या 30 दिवसांतला मोलाचा वेळ जातो, आणि मागणीची रक्कम धनादेशाच्या रकमेशी तंतोतंत जुळावी लागत असल्याने दोन भाषांतले दोन आकडे परवडत नाहीत. येथे व्याज व नोटिशीचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा. मुदतही ‘मिळाल्यापासून 15 दिवस’ अशीच ठेवावी, कारण आपण घातलेली ठरावीक तारीख कुरियर उशिरा पोहोचल्यास कायद्याने दिलेल्या मुदतीच्या आत पडू शकते.

मराठी नोटीस आधीच गेली असेल, तर नवी इंग्रजी नोटीस काढून आधीच्या मजकुराशी विसंगती ओढवून घेण्यापेक्षा तिचे काटेकोर भाषांतर आणि सोबत वकिलाच्या सहीचे एक पानाचे साध्या इंग्रजीतले पत्र, ही जोड मला अधिक सुरक्षित वाटते. त्या पत्रात शेवटची तारीख, त्या दिवसापर्यंतची एकूण रक्कम, पैसे भरायचे खाते आणि न भरल्यास होणारी पहिली कारवाई एवढेच असावे. शिवाय भाषांतरात व मूळ नोटिशीत फरक आढळल्यास मूळ मराठी मजकूर ग्राह्य राहील, हे एक वाक्य. मात्र मूळ नोटिशीत रक्कमच चुकली असेल, तर भाषांतराने ती सावरत नाही आणि मुदत शिल्लक असेपर्यंत नवी नोटीस देणे भाग पडते.

दोन्ही मार्गांत एक घड्याळ चालूच असते. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत नोटीस दिल्याने थांबत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी येणे कबूल केले, तर मात्र मुदतीच्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. ‘थोडा वेळ द्या, हप्त्याने भरतो’ असे उत्तर बहुधा अशाच पत्राला येते, ज्यातली रक्कम आणि तारीख वाचणाऱ्याला एका वाचनात कळलेली असते. म्हणून उत्तर पाठवण्याचा पत्ता आणि ई-मेल इंग्रजी प्रतीच्या पहिल्याच पानावर, मुदतीच्या ओळीखाली द्यावा.