सकाळी ७ की रात्री ९?

दहावी-बारावीच्या पेजवर पोस्ट कधी टाकावी, हे मी आता पोस्ट वाचून मुलाला काय करायचंय यावरून ठरवते.

बोर्डाचा सकाळचा पेपर ११ला असतो, पण केंद्रावर साडेदहालाच पोचावं लागतं आणि मोबाइल आत नेता येत नाही. त्यामुळे १०ची पोस्ट वायाच जाते. सकाळी ७ला टाकायची ती फक्त छोटी आठवण: हॉलतिकीट, पेन, पट्टी. नवीन प्रश्न किंवा ‘हे नक्की येणार’ असलं काही त्या वेळी टाकूच नये, मुलं घाबरतात. पुढच्या पेपरची उजळणी रात्री ९ला बरी, जेवणं झालेली असतात.

हॉलतिकिटातल्या चुकीची पोस्ट मात्र रात्री टाकली, की मुलं रात्रभर काळजी करतात, कारण दुरुस्ती शाळा-कॉलेजच्या ऑफिसातूनच होते. तिला सकाळचे ७च योग्य, तेही ऑफिस उघडं असेल त्या दिवशी. धुळवड किंवा पाडव्याच्या आदल्या रात्री अशी पोस्ट टाकली, तर कळूनही मुलाला दिवसभर काहीच करता येत नाही. सुट्टीच्या दोन दिवस आधीची सकाळ गाठावी. सणाच्या दिवशी रात्रीची उजळणी तेवढी चालते.