लेप्टो, सफाई कामगार आणि डॉक्सी: प्रोटोकॉल सिस्टेमॅटिक रिव्ह्यूचा लिहावा की स्कोपिंगचा?

पावसाळ्यापूर्वी ठाणे आणि नवी मुंबईत नालेसफाई सुरू होते आणि पाऊस लागला की वॉर्डांत लेप्टोचे रुग्ण दिसू लागतात. त्यामुळे इथल्या कम्युनिटी मेडिसिनच्या विद्यार्थ्याला एक विषय हमखास सुचतो: नाल्यात उतरणाऱ्या कामगारांना डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देऊन लेप्टो टाळता येतो का? गाईड सांगतात, आधी रिव्ह्यू करा. मग प्रश्न येतो की सिस्टेमॅटिक करायचा की स्कोपिंग. बहुतेक जण हे वेळेवरून ठरवतात, कारण स्कोपिंग सोपा असतो असा समज आहे. खरं तर ते प्रश्नाच्या शब्दांवरून ठरायला हवं. म्हणून याच एका विषयावर दोन्ही प्रोटोकॉल शेजारी ठेवून पाहू.

प्रश्न

सिस्टेमॅटिक रिव्ह्यूच्या प्रश्नात चार गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: लोक कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, आणि परिणाम कशावर मोजायचा. इथे उपाय म्हणजे डॉक्सीसायक्लिन आणि तुलना प्लासिबोशी किंवा काहीच न देण्याशी. या दोन गोष्टी सोप्या आहेत. घोळ होतो तो लोक आणि परिणाम ठरवताना.

‘लोक’ या रकान्यात फक्त ‘सफाई कामगार’ लिहिलं, तर हाती जवळपास काहीच लागणार नाही. या विषयातल्या ज्या दोन चाचण्यांचा दाखला कायम दिला जातो, त्यांत सफाई कामगार नाहीतच. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर झाली. तिच्यात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिलं होतं. प्लासिबो गटात २० जणांना लेप्टो झाला, औषध घेणाऱ्या गटात एकाला. दुसरी, २००० साली प्रसिद्ध झालेली, उत्तर अंदमानातल्या रहिवाशांवरची आहे. म्हणून सिस्टेमॅटिक रिव्ह्यू करायचा असेल तर लोक म्हणजे ‘दूषित पाणी किंवा चिखलाशी संपर्क येणाऱ्या, आजार नसलेल्या व्यक्ती’ असं मोकळं लिहा आणि कामगारांचं वेगळं विश्लेषण उपगट म्हणून आधीच नोंदवा.

परिणामाची व्याख्या त्याहून नाजूक आहे. अंदमानच्या चाचणीत रक्त तपासून कळलेल्या संसर्गात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी होतं. म्हणजे ‘संसर्ग’ हा मुख्य परिणाम धरला तर एक निष्कर्ष निघतो आणि ‘लक्षणांसह आजार’ धरला तर दुसरा. पेपर वाचून झाल्यावर हे ठरवणाऱ्याच्या हातून नकळत सोयीचा परिणाम निवडला जातो. आमच्या मते पालिकेच्या आरोग्य विभागाला उपयोगी पडणारा मुख्य परिणाम म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेला, लक्षणांसह आजार. संसर्ग दुय्यम ठेवावा, आणि ‘सिद्ध’ म्हणजे काय (उदाहरणार्थ मॅट या अँटिबॉडी मोजणाऱ्या रक्तचाचणीत दोन नमुन्यांमध्ये चौपट वाढ) हेही लिहून टाकावं. साइड इफेक्टसाठी वेगळी ओळ हवीच, कारण उलट्या-मळमळीमुळे गोळ्या सोडणं ही कामगारांच्या बाबतीत खरी अडचण आहे.

स्कोपिंगमध्ये तीनच गोष्टी लागतात: लोक, संकल्पना आणि संदर्भ. लोक म्हणजे सफाई आणि मलनिस्सारण कामगार, संकल्पना म्हणजे लेप्टो टाळण्याचे सगळे उपाय (गमबूट, हातमोजे, गोळ्या, प्रशिक्षण), संदर्भ म्हणजे पावसाळी हवामानातली शहरं. इथे ‘गोळी लागू पडते का’ हा प्रश्नच नाही. ‘कोणकोणते उपाय कुठे करून पाहिले, कसे मोजले आणि कुठे अभ्यासच नाहीत’ हा आहे. थोडक्यात, कामगार हा शब्द सोडायचा नसेल तर स्कोपिंग करा. गोळी द्यावी की नाही हे सांगायचं असेल तर सिस्टेमॅटिक करा आणि लोकांची व्याख्या मोकळी ठेवा.

शोध

सिस्टेमॅटिकसाठी पबमेडमधला शोध दोनच भागांचा ठेवा, आजार आणि औषध:

```
("Leptospirosis"[Mesh] OR leptospir*[tiab]
 OR "Weil disease"[tiab])
AND
("Doxycycline"[Mesh] OR doxycyclin*[tiab]
 OR chemoprophyla*[tiab] OR prophyla*[tiab])
```

यात `AND worker*[tiab]` घालायचा मोह होतो, कारण त्याने आकडा झपकन खाली येतो. पण सैनिकांची आणि अंदमानची, अशा दोन्ही चाचण्या त्यात गळण्याची दाट शक्यता असते. म्हणून शोध पक्का करण्यापूर्वी ही तपासणी करा: जे पेपर सापडलेच पाहिजेत अशांची पाच-सहा नावं आधी लिहून ठेवा, आणि शोध चालवल्यावर त्यातला प्रत्येक आला का ते बघा. एकही सुटला तर कोणत्या शब्दामुळे सुटला ते शोधा. मेश म्हणजे पबमेडमध्ये पेपरांना लावले जाणारे ठरावीक विषयशब्द, आणि `[tiab]` म्हणजे शीर्षक-अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधले शब्द. दोन्ही घालण्याचं कारणही असंच आहे. नव्या नोंदींना मेशचे शब्द लागायला वेळ जातो, तर जुन्या पेपरात लेखकाने वेगळाच शब्द वापरलेला असतो.

परिणामाचे शब्द (ताप, मृत्यू, कावीळ) शोधात घालू नका. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये सगळे परिणाम लिहिलेले नसतात. ‘फक्त माणसं’ हा फिल्टरही टाळा. तो अजून मेश न लागलेल्या नोंदी गाळतो. त्याऐवजी शेवटी `NOT (animals[mh] NOT humans[mh])` लावा.

एकट्या पबमेडवर भागत नाही. एम्बेस, कॉक्रेन सेंट्रल, आणि भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही नोंदवही हवीच. एम्बेसला वर्गणी लागते, तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालांना प्रोटोकॉल लिहितानाच विचारा. प्रवेश नसेल तर एम्बेसचं नाव प्रोटोकॉलमध्ये घालू नका. गूगल स्कॉलर पहिल्या १,००० निकालांपुढे दाखवत नाही, म्हणून ‘पहिले २०० बघू’ असं लिहायचं असेल तर तो आकडा आधीच लिहा.

स्कोपिंगच्या शोधात उलटं होतं. इथे कामगारांचे शब्द हवेतच (`sanitation worker*`, `sewer worker*`, `sewage`), पण औषधाचा भाग काढून टाकावा लागतो, नाहीतर गमबुटांवरचे अभ्यास निसटतात. शिवाय छापील जर्नलबाहेरचं साहित्य, म्हणजे शोधगंगेवरचे प्रबंध, पालिकांचे अहवाल आणि मार्गदर्शक सूचना, इथे दुय्यम राहत नाही. पुष्कळ माहिती तिथेच असते. वेळ खरा इथे जातो. पालिकेच्या अहवालाला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नसतो, त्यामुळे तो उघडून वाचल्याशिवाय आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा हे कळत नाही. म्हणून स्कोपिंग लवकर संपतो हा समज इथे टिकत नाही.

काय आत, काय बाहेर

सिस्टेमॅटिकमध्ये रँडमाइज्ड चाचण्याच घ्यायच्या की तुलना गट असलेले इतर अभ्यासही, हे आधी ठरवा. पुरानंतर गोळ्या वाटल्याचे बरेच अहवाल सापडतात, पण त्यांत गोळी न घेतलेल्यांचा गट नसतो. पाऊस ओसरल्यावर रुग्ण तसेही कमी होतात, त्यामुळे अशा अहवालावरून औषधाचा परिणाम सांगता येत नाही. ते बाहेर ठेवा. आठवड्याला एक डोस आणि संपर्कानंतर एकच डोस हे वेगळे उपाय समजा आणि एकत्र मोजू नका. भाषेची अट शक्यतो घालू नका, ब्राझील आणि लॅटिन अमेरिकेतलं काही साहित्य पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये आहे.

स्कोपिंगमध्ये तेच तुलना गट नसलेले अहवाल आत येतात, आणि ते बरोबरही आहे. फक्त अभ्यासाचा दर्जा तपासणं तिथे सहसा केलं जात नाही. म्हणून ‘अमुक उपायाने लेप्टो कमी होतो’ असं वाक्य स्कोपिंगच्या निष्कर्षात लिहिता येत नाही. परीक्षक नेमकं तिथेच अडवतात. सिस्टेमॅटिकमध्ये पक्षपाताचा धोका तपासायला चाचण्यांसाठी आरओबी २ आणि इतर अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय वापरणार, हे प्रोटोकॉलमध्येच यायला हवं.

स्क्रीनिंग

दोन्हीकडे दोन जणांनी एकमेकांचं न बघता स्क्रीनिंग करावं आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावा. आधी शीर्षक-अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, मग पूर्ण पेपर. पहिल्या टप्प्यात शंका आली तर आत ठेवायचं, हा नियम शब्दांत लिहा. नाहीतर एक जण सढळ हाताने घेतो आणि दुसरा कडक राहतो.

सुरुवातीला १०० नोंदींवर सराव करा. समजा दोघांनी १२ नोंदी आत घेतल्या आणि ७८ बाहेर ठेवल्या. सहा फक्त पहिल्याने घेतल्या, चार फक्त दुसऱ्याने. एकमत ९० टक्के झालं, छान वाटतं. पण बहुतेक नोंदी बाहेरच जाणाऱ्या असल्या की नुसत्या योगायोगानेही बरंच एकमत होतं. पहिल्याने एकूण १८ घेतल्या, दुसऱ्याने १६. त्यावरून योगायोगाचं एकमत ०.१८ × ०.१६ + ०.८२ × ०.८४, म्हणजे ०.७१७६ येतं. योगायोग वगळून उरलेलं एकमत सांगणारा आकडा, कप्पा, म्हणजे (०.९० − ०.७१७६) ÷ (१ − ०.७१७६), सुमारे ०.६५. आकडा बरा आहे, पण खरं काम त्या दहा नोंदींत आहे. त्या समोर ठेवून एकत्र वाचा. बहुधा दिसेल की बऱ्याच नोंदींत ‘पुरानंतर प्रतिबंधक औषध वाटलं’ एवढंच लिहिलंय आणि तुलना गट होता की नाही हे अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधून कळत नाही. मग नियमात एक ओळ वाढवा: तुलना गटाचा उल्लेख नसेल तर पूर्ण पेपर मागवायचा. पुन्हा नव्या नोंदींवर सराव करा आणि मगच पुढे जा.

पूर्ण पेपर बाहेर काढताना कारण एकच नोंदवा आणि कारणांचा क्रम आधी ठरवा: चुकीचे लोक, चुकीचा उपाय, तुलना नाही, परिणाम नाही. क्रम नसेल तर एकाच पेपरला दोघे वेगळी कारणं लावतात आणि किती पेपर आत आले आणि किती का गळले हे दाखवणाऱ्या प्रिझ्माच्या आकृतीतले आकडे जुळत नाहीत.

दुसरा माणूस मिळतच नसेल, म्हणजे बॅचमेट किंवा गाईड कुणीच वेळ देणार नसेल, तर सिस्टेमॅटिक सुरू करू नका. स्कोपिंगमध्ये एकाने सगळं बघून दुसऱ्याने २० टक्के तपासलं तर ती मर्यादा म्हणून लिहिता येते. सिस्टेमॅटिकमध्ये त्याने पेपर सुटण्याचा धोका निष्कर्षावरच येतो.

नोंदणी

सिस्टेमॅटिकची नोंदणी प्रॉस्पेरो या रिव्ह्यू-प्रोटोकॉलच्या ऑनलाइन नोंदवहीत करा, पेपरांतून डेटा काढायला सुरुवात करण्याआधी. तिथेच आधी शोधून पहा. या प्रश्नावर कॉक्रेनने २००९ मध्ये रिव्ह्यू केलेला आहे, त्यानंतरचेही तपासा आणि तुमच्यात नवीन काय आहे हे प्रोटोकॉलच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. प्रॉस्पेरो स्कोपिंग रिव्ह्यू घेत नाही. त्याचा प्रोटोकॉल ओएसएफ या संशोधनासाठीच्या खुल्या संकेतस्थळावर तारखेसह ठेवा. मांडणीसाठी सिस्टेमॅटिकला प्रिझ्मा-पी ही २०१५ ची यादी आहे. स्कोपिंगसाठीची प्रिझ्मा-एससीआर अंतिम अहवालाची आहे, पण तिचे रकाने प्रोटोकॉल लिहितानाही समोर ठेवावेत. मध्येच काही बदललं, उदाहरणार्थ अंदमानसारख्या चाचण्यांमुळे परिणामाची व्याख्या सुधारावीशी वाटली, तर जुनं वाक्य, नवं वाक्य, तारीख आणि तोवर किती पेपर वाचले होते हे चारही लिहा. यातलं चौथं बहुतेक जण विसरतात, आणि बदल निकाल बघून केला की आधी, हे वाचकाला त्यावरूनच कळतं.