ऑफसेट दुरुस्त करावा की कर्सर आणावा? यादीच्या एंडपॉइंटमधील दोन बदलांचा तुलनात्मक आढावा

भिवंडीतील गोदामांतून रोज सुटणाऱ्या मालाच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली आम्ही ऐरोलीत बसून सांभाळतो. तिच्या `GET /shipments` या एंडपॉइंटवरून एका पानाला 50 या हिशेबाने नोंदींची यादी मिळते. एका संध्याकाळी एका गोदामाच्या पर्यवेक्षकांचा फोन आला. यादीत 120 ओळी होत्या, गाड्यांत चढलेले नगही 120 होते, त्यामुळे बेरजेवरून कोणालाही शंका आली नसती. पण त्यांनी छापील यादीवर पेनाने एकेक बिल्टी क्रमांक खुणावत नेला, तेव्हा तीन बिल्ट्या दोनदा आलेल्या आढळल्या आणि तीन बिल्ट्या मुळीच नव्हत्या.

त्यावर उपाय म्हणून दोन सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या पुल रिक्वेस्ट दिल्या. पहिलीने ऑफसेट तसाच ठेवून क्रमवारीत `id` जोडला होता, तर दुसरीने ऑफसेट काढून कर्सर आणला होता. दोन्हींचा रिव्ह्यू माझ्याकडे आला. असाच निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी तो येथे सविस्तर मांडतो.

आधी दोष कोठे होता ते पाहू. त्या दिवसाच्या 120 नोंदी चार खेपांत आयात झाल्या होत्या, प्रत्येक खेपेत 30. एक खेप म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, आणि पोस्टग्रेसमध्ये `now()` हे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, त्यामुळे एका खेपेतील तीसही नोंदींचा `created_at` अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखा होता. यादी `ORDER BY created_at DESC` अशी लावलेली होती. पहिल्या पानावर सर्वांत नवी खेप पूर्ण येत होती आणि तिच्या आधीच्या खेपेतील 20 नोंदी; मात्र तिसांतील नेमक्या कोणत्या वीस, हे क्वेरीत कोठेही सांगितलेले नव्हते. `EXPLAIN ANALYZE` चालवल्यावर पहिल्या पानासाठी `top-N heapsort` आणि दुसऱ्या पानासाठी `quicksort` असे दिसले. वेळ सारखी असलेल्या नोंदींचा आपसांतील क्रम दोन्ही पद्धती आपापल्या परीने लावतात आणि त्यांनी तो एकसारखा लावावा असा कोणताही नियम नाही. हरवलेल्या तीनही बिल्ट्या त्याच तुटलेल्या खेपेतील निघाल्या.

पहिल्या पुल रिक्वेस्टमधील बदल एका ओळीचा होता:

```sql
ORDER BY created_at DESC, id DESC
LIMIT 50 OFFSET 50
```

`id` प्रत्येक नोंदीला वेगळा असल्यामुळे आता कोणत्याही दोन नोंदींमध्ये बरोबरी उरत नाही आणि क्रम एकच ठरतो. पर्यवेक्षकांची तक्रार एवढ्याने पूर्ण दूर होते, कारण ते यादी काढतात तेव्हा आयात संपलेली असते. रिव्ह्यूमध्ये एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. वापरणाऱ्याने `sort=status` किंवा `sort=city` निवडले, तर तेथेही शेवटी `id` लागतो का? आमच्या पुल रिक्वेस्टमध्ये तो फक्त मूळ क्रमवारीला लागत होता. `status` ला जेमतेम पाच किमती आहेत, म्हणजे बरोबरी तेथे कितीतरी अधिक. त्यामुळे `id` प्रत्येक शाखेत वेगळा न लिहिता, क्रमवारी जेथे तयार होते त्या एकाच ठिकाणी शेवटी जोडावा, असे मी सुचवले.

तथापि, यादी वाचत असताना ती बदलत असेल, तर क्रम कितीही पक्का असला तरी ऑफसेट चुकतो, कारण ऑफसेट नोंद ओळखत नाही, केवळ वरून किती नोंदी वगळायच्या ते मोजतो. नवी नोंद वर आली की पुढील पानाच्या सुरुवातीला मागील पानावरील शेवटची नोंद पुन्हा दिसते. वरची नोंद निघून गेली की एक नोंद गुपचूप मागे सरकते आणि कोणत्याही पानावर येत नाही. पहिला प्रकार पडद्यावर पाहणाऱ्याच्या लक्षात तरी येतो. दुसरा येत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच रात्रीच्या जॉबमध्ये होते. तो `status=pending` असलेल्या नोंदी पानापानाने वाचतो आणि प्रत्येकीचे बिल तयार करून तिचा `status` बदलतो. समजा अशा 200 नोंदी आहेत. पहिल्या पानावरील 50 नोंदींची बिले झाली की त्या यादीतूनच बाहेर पडतात आणि 150 उरतात. आता `OFFSET 50` म्हणजे या उरलेल्यांपैकी पहिल्या 50 सोडून पुढच्या, म्हणजे मूळच्या 101 ते 150. त्यांचीही बिले झाल्यावर 100 उरतात, `OFFSET 100` ला रिकामे पान मिळते आणि जॉब समाधानाने थांबतो. बरोबर निम्मे काम राहिलेले असते, आणि लॉगमध्ये त्रुटीची एक ओळही नसते. `id` जोडल्याने येथे काहीही फरक पडत नाही.

येथेच दुसऱ्या पुल रिक्वेस्टचे बलस्थान आहे. कर्सर नोंदी मोजत नाही. शेवटी वाचलेल्या नोंदीची खूण जवळ ठेवतो आणि तिच्या पुढच्या मागतो. वरच्या नोंदी गेल्या किंवा आल्या तरी ती खूण ढळत नाही, त्यामुळे रात्रीच्या जॉबमध्ये दोनशेच्या दोनशे नोंदी हाताखालून जातात.

```sql
WHERE (created_at, id) < ($1, $2)
ORDER BY created_at DESC, id DESC
LIMIT 51
```

ही अट अशी जोडीनेच लिहिलेली असावी लागते. `created_at < $1 AND id < $2` असे सुटे लिहिले, तर वेळेने जुन्या पण `id` ने मोठ्या नोंदी गळतात. नुसते `created_at < $1` लिहिले, तर तुटलेल्या खेपेचा उरलेला भाग गळतो. मर्यादा 51 आहे ती पुढचे पान आहे की नाही हे कळण्यासाठी. त्यामुळे खूण पन्नासाव्या, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या शेवटच्या नोंदीवरून बनते की एक्कावन्नाव्या, हे कोडमध्ये बोट ठेवून वाचावे. एक्कावन्नाव्यावरून बनली, तर प्रत्येक पानामागे एक नोंद जाते.

आमच्या दुसऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये ही अट बरोबर होती, मर्यादाही बरोबर होती, आणि तरीही तिने 120 पैकी 100च नोंदी दिल्या. हे समजायला माझी एक अख्खी दुपार गेली. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवते, म्हणजे दशांश चिन्हानंतर सहा अंक. आमची सेवा नोडवर आहे, आणि तेथील नेहमीचा `pg` ड्रायव्हर ती वेळ जावास्क्रिप्टच्या `Date` मध्ये देतो, ज्यात मिलिसेकंदापर्यंतचे तीनच अंक मावतात. टेबलात `18:05:30.123456` असलेली वेळ कर्सरमध्ये `18:05:30.123` होऊन बसली. पहिले पान खेपेच्या मध्यावर तुटले होते. त्या खेपेतील उरलेल्या दहा नोंदींची वेळ `.123456`, म्हणजे कर्सरमधील वेळेपेक्षा मोठी. "याहून लहान असलेल्या द्या" असे सांगितल्यावर त्या दहाही बाहेर राहिल्या. दुसरे पान शेवटच्या खेपेच्या मध्यावर तुटले आणि तेथेही दहा गेल्या. क्रम उलटा, म्हणजे जुने आधी असा असता, तर हीच चूक वेगळ्या रूपात दिसली असती: तुटलेली खेप दर वेळी आरंभापासून पुन्हा आली असती, आणि खेप पानाएवढी किंवा त्याहून मोठी असती, तर तेच पान अखंड फिरत राहिले असते. उपाय साधा आहे: कर्सरसाठी वेळ डेटाबेसकडूनच `created_at::text` अशी मजकुराच्या रूपात घ्यावी आणि `Date` मधून जाऊ देऊ नये.

म्हणजे तुलना अशी उभी राहते की, ऑफसेटची चूक यादी हलताना होते आणि तिचे स्वरूप आधी सांगता येते, तर कर्सर नीट लिहिला तर सहसा चुकत नाही, पण तो चुकीचा लिहिण्याच्या वाटा अधिक आहेत. शिवाय कर्सरने पान क्रमांक जातात. "सातव्या पानावर जा" ही सोय उरत नाही, आणि गोदामातील लोक ती खरोखर वापरतात. उलट बाजूने, ऑफसेट खोल गेला की वगळायच्या नोंदीही डेटाबेसला काढाव्याच लागतात, म्हणून हजारो पाने ओलांडणाऱ्या जॉबसाठी तो मंदही पडतो.

कर्सरच्याही हाताबाहेरच्या काही गोष्टी आहेत. ज्या स्तंभात `NULL` असू शकते, जसे की अजून न निघालेल्या गाडीचा `dispatched_at`, त्यावर कर्सर लावल्यास `NULL` शी केलेली तुलना खरी ठरत नाही आणि त्या नोंदी दिसत नाहीत. तेथे `NULL` साठी वेगळी अट लिहावी लागते. `updated_at` वर नवे आधी असा क्रम असेल, तर वाचायची राहिलेली नोंद मध्येच बदलून वर उडी मारते आणि हुकते. म्हणून नोंदींची नक्कल करणाऱ्या जॉबने जुने आधी असाच क्रम घ्यावा. तेथे बदललेली नोंद पुढे सरकते आणि फार तर पुन्हा भेटते. त्यातही, आधी सुरू होऊन उशिरा कमिट झालेल्या ट्रान्झॅक्शनची नोंद कर्सरच्या मागे उगवू शकते, हे धरून दर वेळी थोडे मागून वाचायला सुरुवात करावी.

दोन्ही पुल रिक्वेस्टमधील चाचण्या मात्र हिरव्या होत्या. कारण चाचणीत नोंदी एकेक करून तयार होत होत्या आणि प्रत्येकीची वेळ आपोआप वेगळी पडत होती. मी मागितलेली चाचणी अशी: एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये 30 नोंदी, अशा चार खेपा, पानाचा आकार 7, म्हणजे पाने खेपांच्या मध्येच तुटतील, सर्व पाने वाचून जमलेले `id` मूळ `id` च्या संचाशी ताडायचे, केवळ संख्या मोजायची नाही. मग तीच चाचणी प्रत्येक पानानंतर वरची एक नोंद काढून पुन्हा, आणि न काढलेली प्रत्येक नोंद मिळालीच पाहिजे अशी अट. या दुसऱ्या भागात ऑफसेट नापास होतो, आणि तो होणारच.

शेवटी पहिली पुल रिक्वेस्ट त्याच दिवशी घेतली, कारण पडद्यावरील यादीसाठी ती पुरेशी आणि निर्धोक होती. दुसरी परत पाठवली, आणि वेळेची दुरुस्ती झाल्यावर वेगळ्या `cursor` पॅरामीटरने घेतली. `page` वापरणाऱ्या जुन्या क्लायंटना हात लावला नाही. रात्रीचे बिलांचे काम आणि नक्कल करणारा जॉब आता फक्त `cursor` वर चालतात. कर्सरमध्ये क्रमवारीचे नावही साठवायला लावले, म्हणजे कोणी अर्ध्यावर `sort` बदलून जुनाच कर्सर पाठवला, तर भलत्याच नोंदी न देता सेवा `400` परत करते.