लॅसो की रिज: सहगुणक नेमका शून्य का होतो, आणि त्यावरून निवड कशी करावी

रिजप्रमाणेच मॉडेलच्या सहगुणकांवर दंड लावून त्यांना लहान ठेवणारी लॅसो ही पद्धत रॉबर्ट टिब्शिरानी यांनी १९९६ मध्ये मांडली, तेव्हा त्यांनी घेतलेल्या उदाहरणांत प्रोस्टेट कर्करोगाच्या ९७ रुग्णांची एक लहान सारणी होती. आठ मोजमापांवरून रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळी सांगायची, असा तो प्रश्न होता. पुढे ही सारणी शिकवण्यासाठी सर्रास वापरली गेली. त्यात ६७ नोंदींवर मॉडेल बसवून उरलेल्या ३० नोंदींवर ते तपासतात. चले प्रमाणित करून घेतल्यावर आठांपैकी चार मोजमापांचे सहगुणक असे येतात:

| मोजमाप | दंडाविना | रिज | लॅसो |
|---|---|---|---|
| गाठीचे आकारमान | ०.६८० | ०.४२० | ०.५३३ |
| ग्रंथीचे वजन | ०.२६३ | ०.२३८ | ०.१६९ |
| वय | −०.१४१ | −०.०४६ | ० |
| आवरण भेदून पसरलेला भाग | −०.२८८ | ०.००० | ० |

शेवटच्या ओळीतील दोन शून्ये एकसारखी दिसतात, पण ती एकाच जातीची नाहीत. रिजचे ०.००० हे तीन दशांशांपर्यंत छापल्यामुळे आलेले आहे. दंड वाढवत नेताना तो सहगुणक ऋणाकडून धनाकडे जात होता आणि निवडलेल्या दंडाच्या जागी योगायोगाने शून्याजवळ सापडला. दंड थोडा बदलला की तो तेथून हलतो. लॅसोचे शून्य मात्र खरोखरचे शून्य आहे आणि दंड थोडा कमीजास्त केला तरी ते सहसा तसेच राहते. या दोघांत निवड करणाऱ्याने आधी हा फरक कोठून येतो ते पाहावे.

दोन्ही पद्धती चुकांच्या वर्गांच्या बेरजेत एक दंड मिळवतात. रिज सहगुणकाच्या वर्गावर दंड लावतो, लॅसो त्याच्या निरपेक्ष मूल्यावर. एकच चल घेऊ आणि दंडाविना त्याचा सहगुणक ०.३ येतो असे मानू. सहगुणकाला β म्हटले, तर लॅसोला ½(0.3 − β)² + 0.5|β| ही किंमत कमीत कमी करायची असते आणि रिजला ½(0.3 − β)² + 0.25β² ही.

β शून्यावर ठेवला तर दोघांचीही किंमत ०.०४५ येते. आता β अगदी थोडा, म्हणजे ०.०१ इतका, वर सरकवू. चुकीचा भाग ०.०४२०५ वर उतरतो, म्हणजे जवळपास ०.००३ ची बचत होते. लॅसोत या पावलाचा दंड ०.००५ आहे, त्यामुळे एकूण किंमत ०.०४७०५ होते. बचतीपेक्षा दंड मोठा असल्यामुळे पाऊल टाकणे परवडत नाही. ऋण बाजूला सरकावे तर चूकही वाढते आणि दंडही, म्हणून β शून्यावरच थांबतो. रिजमध्ये त्याच पावलाचा दंड केवळ ०.००००२५ आहे. शून्याजवळ वर्गाचा उतारच शून्याकडे जात असल्याने पहिले लहान पाऊल जवळजवळ फुकट पडते, म्हणून चलात किंचितही उपयोग असला तरी रिज ते पाऊल टाकतो आणि या उदाहरणात ०.२ वर जाऊन थांबतो.

निरपेक्ष मूल्याचा दंड पहिल्या कणापासून पूर्ण दराने आकारला जातो, आणि सगळे मर्म यातच आहे. पाठ्यपुस्तकांतील चौकटीच्या टोकाचे चित्र याच गोष्टीचे भूमितीतील रूप आहे, पण माझ्या मते हा हिशेब त्याहून लवकर पटतो. एका चलासाठी उत्तर सरळ लिहिता येते: दंडाविनाच्या सहगुणकाच्या निरपेक्ष मूल्यातून दंडाचा दर, म्हणजे λ, वजा करायचा, चिन्ह तेच ठेवायचे, आणि काही उरत नसेल तर शून्य ठेवायचे. वरच्या उदाहरणात λ ०.५ होता.

```python
import numpy as np

def soft(b, lam):
    return np.sign(b) * max(abs(b) - lam, 0)
```

`soft(0.8, 0.5)` चे उत्तर ०.३ येते आणि `soft(0.3, 0.5)` चे शून्य. अनेक चले असतील तेव्हाही नियम हाच, फक्त ०.३ च्या जागी त्या चलाचा उरलेल्या अवशेषाशी असलेला संबंध येतो. बाकीची चले आपले काम करून गेल्यावर जे उरते, त्याच्याशी एखाद्या चलाचा संबंध λ पेक्षा कमी असेल, तर त्याचा सहगुणक शून्य राहतो. म्हणून लॅसोने चल वगळले याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा होत नाही; इतरांच्या उपस्थितीत त्याची भर दंडाइतकी पडली नाही, एवढाच होतो.

याच सूत्रात लॅसोचे एक दुखणेही दिसते. जे सहगुणक टिकतात, त्यांच्यातूनही λ कापला जातो. वरच्या सारणीत गाठीचे आकारमान निःसंशय महत्त्वाचे असूनही त्याचा सहगुणक ०.६८० वरून ०.५३३ वर आला आहे. सहगुणकाचे मूल्यच सांगायचे असेल तर लॅसोचा आकडा जसाच्या तसा देऊ नये. निवडलेल्या चलांवर दंडाविना पुन्हा मॉडेल बसवण्याची चाल आहे, पण त्यातून निघणाऱ्या पी-मूल्यांवर भिस्त ठेवू नये, कारण निवड त्याच नोंदींवरून झालेली असते.

भाकिताच्या अचूकतेवरून निवड करावी म्हटले, तर या उदाहरणातून निकाल लागत नाही. चाचणीतील सरासरी वर्गचूक रिजची ०.४९२ आणि लॅसोची ०.४७९ येते, पण प्रत्येकीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१६ आहे, म्हणजे फरक त्या त्रुटीत बुडून जातो. खरा प्रश्न वेगळा आहे: शून्याचा तुम्हाला काही उपयोग आहे का? उद्या प्रत्येक मोजमापासाठी वेगळी तपासणी करावी लागणार असेल, तर आठांऐवजी चारांवर भागणे मोलाचे ठरते आणि तेथे लॅसो घ्यावा. सगळी मोजमापे हाताशीच असतील आणि प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा असण्याची शक्यता असेल, तर रिजला नाकारण्याचे कारण नाही.

दोन चले एकमेकांशी घट्ट जुळलेली असतील तेव्हा मात्र लॅसोवर विसंबताना सावध राहावे. तो बहुधा एकाला ठेवतो आणि दुसऱ्याला शून्य करतो, आणि कोणाला ठेवायचे ते नोंदींतील बारीकसारीक चढउतारांवर ठरते. हे ओळखण्याचा साधा उपाय असा की नोंदींतून परतफेडीसह शंभर नमुने घ्यावेत आणि प्रत्येक चल किती वेळा टिकले ते मोजावे. जुळ्या चलांपैकी एक साठ वेळा आणि दुसरे चाळीस वेळा टिकत असेल, तर त्या निवडीचा अर्थ लावत बसू नये. रिज अशा जोडीत वजन वाटून देतो. दोन्ही दंड एकत्र करणारे इलास्टिक नेट झोऊ आणि हॅस्टी यांनी २००५ मध्ये मांडले, ते मुख्यतः याच अडचणीसाठी. जुळ्या चलांचे गट असूनही काही शून्ये हवी असतील, तर मी तेच घेईन.

प्रत्यक्ष वापरताना घोटाळा बहुधा नावांत होतो. R मधील `glmnet` मध्ये `alpha` म्हणजे दोन दंडांचे मिश्रण, त्याचे मूल्य १ असेल तर लॅसो आणि ० असेल तर रिज. Python मधील `scikit-learn` मध्ये `alpha` म्हणजे खुद्द λ. शिवाय `scikit-learn` चा `Lasso` चुकांच्या वर्गांच्या बेरजेला नोंदींच्या संख्येच्या दुपटीने भागतो आणि `Ridge` भागत नाही, त्यामुळे दोन्हींना एकच `alpha` देऊन केलेली तुलना फोल ठरते. `glmnet` चले आपण होऊन प्रमाणित करतो, `scikit-learn` करत नाही. ते विसरले, तर किलोमीटरऐवजी मीटरमध्ये मोजलेल्या चलाचा सहगुणक हजारपटीने लहान होतो, त्याला दंडही तितकाच कमी बसतो आणि ते चल निव्वळ एककाच्या जोरावर टिकून राहते.

शेवटचा खटका गणन पद्धतीचा. लॅसो साध्या ग्रेडियंट डिसेंटने सोडवला तर सहगुणक शून्याभोवती डोलत राहतात आणि `3.1e-06` सारखे आकडे दिसतात. ते दिसले की दोष दंडात शोधू नये. वरचे `soft` प्रत्येक चलाला आळीपाळीने लावणारी कोऑर्डिनेट डिसेंट पद्धत घेतली की तेथे `0.0` छापले जाते.